उतार की कुंपण? पाच रंगांचा आलेख आणि क्लाइन यांचा मेळ कसा लावायचा

चौकटराजा

मानवी जनुकशास्त्रावरच्या चर्चेत दोन गोष्टी सतत समोर येतात आणि त्यांचा मेळ मला लागत नाही.

पहिली, फ्रँक लिव्हिंगस्टोन यांनी १९६२ मध्ये मांडलेलं म्हणणं: वंश नावाचे कप्पे नाहीत, आहेत ते फक्त क्लाइन. म्हणजे जनुकांच्या वारंवारतेचे भूगोलावर पसरलेले उतार. दुसरी, रोझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा २००२ चा आलेख. १०५६ माणसं, ५२ लोकसमूह, ३७७ मार्कर, म्हणजे माणसागणिक बदलणाऱ्या जीनोमवरच्या जागा. `STRUCTURE` प्रोग्रामला पाच गट पाडायला सांगितले आणि त्याने आफ्रिका, युरोपपासून दक्षिण आशियापर्यंतचा पट्टा, पूर्व आशिया, ओशनिया आणि अमेरिका असे रंग सुटे करून दिले. त्याला कुणीही खंडांचा नकाशा दाखवला नव्हता.

सगळा उतारच असेल तर रंग इतके स्वच्छ सुटे कसे होतात? आणि कप्पे असतील तर लिव्हिंगस्टोन चुकले का? राजकारण नको. हातात डेटा असेल तर याचा निकाल कसा लावतात, तेवढंच सांगा.

---

मिताक्षरी

यात अडण्यासारखं काय आहे? लेवोंटिन यांनी १९७२ मध्येच हिशोब करून ठेवलाय. रक्तगट आणि प्रथिनांच्या जनुकांच्या १७ जागा तपासल्या. एकूण विविधतेपैकी ८५.४ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच सापडली, ८.३ टक्के एकाच 'वंशा'तल्या लोकसमूहांमध्ये आणि फक्त ६.३ टक्के 'वंशा-वंशां'मध्ये. फरक इतका कमी असेल तर माणूस कुठल्या गटातला हे जनुकांवरून सांगताच येणार नाही. ते रंग म्हणजे सॉफ्टवेअरची करामत.

---

उतारवाचक

मिताक्षरी, आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष निसटलाय. ए. डब्ल्यू. एफ. एडवर्ड्स यांनी २००३ मध्ये नेमकं यावरच बोट ठेवलं. लेवोंटिन यांचा हिशोब एका वेळी एका जागेचा आहे. अनेक जागा एकत्र वाचल्या की चित्र बदलतं.

कागदावर करून पाहा. 'अ' गटात एका जनुकरूपाची वारंवारता ०.३, 'ब' गटात ०.७. एका जागेवरून अंदाज केला तर १०० पैकी ३० वेळा चुकाल. अशाच एकमेकींशी न जोडलेल्या २० जागा घ्या आणि ते रूप किती ठिकाणी आहे ते मोजा. 'अ'ची सरासरी ६, 'ब'ची १४, दोघांचं प्रमाण विचलन २ च्या जरासं वर. १० वर रेघ मारली की चूक ३ टक्क्यांच्या आसपास उतरते. शेकडो जागा घेतल्यावर जवळजवळ शून्य. प्रत्येक जागेवरचा फरक मात्र होता तेवढाच आहे.

म्हणजे 'ओळखता येतच नाही' हे खरं नाही. पण ओळखता येणं आणि मध्ये सीमा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चौकटराजांचा गुंता नेमका तिथेच आहे. युरोपचंच उदाहरण घ्या. नोव्हेंब्रे आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये सुमारे २ लाख मार्करांवरून १३८७ युरोपीय माणसं दोन अक्षांवर मांडली तर युरोपचा नकाशाच उमटला. निम्म्या माणसांचं मूळ ठिकाण ३१० किलोमीटरच्या आत ओळखता आलं. आणि देशांमधला सरासरी एफएसटी, म्हणजे समूहांच्या वारंवारतांमधल्या फरकाचं माप? ०.००४. तिथे कुठेही कुंपण नाही, सलग उतार आहे. तरी पत्ता सापडतो, कारण उतारावर प्रत्येक जागेची उंची वेगळी असते. अक्षांश सांगता येतो म्हणून विषुववृत्ताची रेघ जमिनीवर आखलेली सापडत नाही.

आता वरचाच खेळ पुढे न्या. 'अ' आणि 'ब' यांच्या मधोमध राहणारी माणसं आणा, जिथे सगळ्या वारंवारता ०.५ आहेत. त्यांची बेरीज सरासरी १० येईल, बरोबर रेघेवर. प्रोग्रामला दोनच कप्पे दिलेले असतील तर तो त्यांना अर्धं-अर्धं वाटेल आणि तुम्ही त्यांना 'मिश्र' म्हणाल. ती कुठल्याही दोन गोष्टींचं मिश्रण नाहीत, ती तिथलीच आहेत. मधली माणसं गोळाच केली नाहीत तर रेघेवर कुणीच उरत नाही आणि रेघ नैसर्गिक वाटायला लागते.

---

टिंबटिंब

वाचतेय. एफएसटी हा आकडा किती असला की मोठा म्हणायचा? ०.००४ ऐकून काहीच डोळ्यांसमोर येत नाही.

---

उतारवाचक

एकाच जनुकाचा मुद्दाम तीव्र केलेला उतार घेऊ, म्हणजे आकडे हातात येतील. ४००० किलोमीटरची सरळ पट्टी, एका टोकाला वारंवारता ०.१, दुसऱ्या टोकाला ०.९. म्हणजे दर १०० किलोमीटरला ०.०२ ची वाढ.

दोन टोकांची तुलना करा. सरासरी ०.५, दोन्ही टोकं तिच्यापासून ०.४ दूर. एफएसटी म्हणजे ०.४ चा वर्ग भागिले ०.५ × ०.५, म्हणजे ०.१६ भागिले ०.२५, उत्तर ०.६४. प्रचंड. आता मधली, १०० किलोमीटरवरची दोन गावं घ्या, ०.४९ आणि ०.५१. सरासरीपासून अंतर ०.०१, वर्ग ०.०००१, भागिले ०.२५. उत्तर ०.०००४. त्याच पट्टीवर, त्याच जनुकासाठी, सोळाशे पट कमी.

आणि हा शेजाऱ्यांमधला फरक मोजताच येत नाही. प्रत्येक गावातून ५० माणसं घेतलीत तर १०० जनुकप्रती मिळतात आणि ०.५ च्या आसपास प्रमाण त्रुटी ०.०५ येते. दोन गावांच्या फरकाची त्रुटी ०.०७. खरा फरक ०.०२. पट्टीवरून चालत जाणाऱ्याला कुठल्याच गावी 'इथून बदललं' असं दिसणार नाही, तरी शेवटी तो पूर्ण वेगळ्या ठिकाणी पोचलेला असेल. क्लाइन म्हणजे एवढंच. ज्युलियन हक्सली यांनी हा शब्द १९३८ मध्ये रूढ केला तो अशाच पायरीविना बदलासाठी, आणि तेव्हा डोळ्यांसमोर मुख्यतः प्राणी-पक्षी होते.

माणसात इतके तीव्र उतार विरळा. खंडांच्या पातळीवर अनेक मार्करांचा सरासरी एफएसटी ०.१ च्या आसपास भरतो.

---

कोरडी_शाई

पण सिकल सेल तर आफ्रिकन लोकांचाच आजार ना? तिथे स्पष्ट सीमा आहेच की. डॉक्टरही वंश विचारतात. मग हे उताराचं प्रकरण फक्त बिनमहत्त्वाच्या मार्करांना लागू असावं.

---

प्लिंकवाली

धाग्याचा प्रश्न आजाराचा नाही, पण उदाहरण आणलंच आहे तर ते उलट्या बाजूने बोलतं. लिव्हिंगस्टोन मुळात सिकल सेल आणि मलेरियावरच काम करत होते. कप्पे सोडून उतार धरा, हे त्यांना त्याच जनुकाने शिकवलं.

सिकल सेलचं जनुक फाल्सिपेरम मलेरियाच्या मागे जातं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेत ते भरपूर आहे, आणि ग्रीसच्या काही भागांत, अरबस्तानात आणि भारतातही ठळक आहे. उलट आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला खोसा लोकांत जवळजवळ नाही. त्वचेचा रंग पाहून रेघ मारलीत तर ग्रीक वाहक निसटतो आणि खोसा माणसाची चाचणी उगाच होते. नकाशावर या जनुकाच्या रेषा डासांच्या मागे जातात, त्वचेच्या रंगाच्या रेषा अतिनील किरणांच्या मागे.

आता बी रक्तगटाचं जनुक त्यावर ठेवा. मध्य आशियात २५ ते ३० टक्के, पश्चिमेकडे हळूहळू घसरत पश्चिम युरोपात १० टक्क्यांच्या खाली. त्याची उतरंड पूर्व-पश्चिम आहे. प्रौढपणी दूध पचवू देणारं युरोपीय जनुकरूप वायव्य युरोपात सर्वाधिक आणि आग्नेयेकडे घसरत जाणारं. तीन जनुकं, तीन दिशा. बी रक्तगटावरून मारलेली सीमा दुधाच्या सीमेला आडवी छेदते. प्रत्येक लक्षणाला दोनच भाग केले तरी तीन लक्षणांचे आठ कप्पे होतात, दहांचे १०२४. यातला कुठला 'वंश'?

---

चौकटराजा

हे पटलं. पण ती एकेकटी जनुकं झाली, तीही बरीचशी नैसर्गिक निवडीखालची. रोझेनबर्गचे ३७७ मार्कर बहुतेक तटस्थ होते. तटस्थ मार्करांचे उतार एकाच जागी एकमेकांवर बसले तर ती सीमाच म्हणायची ना?

---

उतारवाचक

हो, हाच खरा निकष. एका जनुकाचा तीव्र उतार म्हणजे सीमा नव्हे. अनेक, एकमेकांशी न जोडलेल्या जनुकांचे तीव्र उतार एकाच जागी आले तर ती सीमा. तशी सीमा कशी दिसते ते उंदरांत पाहता येतं. घरातल्या उंदराच्या दोन उपजाती डेन्मार्कपासून बल्गेरियाच्या काळ्या समुद्राच्या किनाऱ्यापर्यंत एका चिंचोळ्या पट्ट्यात भेटतात. पट्टा साधारण २० किलोमीटर रुंद, आणि तेवढ्यात जीनोमभरची शेकडो मार्कर एका बाजूची दुसऱ्या बाजूची होऊन जातात. संकर झालेल्या नरांची प्रजननक्षमता घटते, म्हणून पट्टा रुंदावत नाही.

माणसांत असा पट्टा कुठेच सापडलेला नाही. का नाही, याचं गणित सोपं आहे. समजा दोन लोकसमूह खूप काळ सुटे राहिले, वेगळे झाले आणि मग एका रेषेवर भेटले. तटस्थ जनुकाच्या उताराची रुंदी अशी वाढते:

```
w = 2.51 × σ × √t
```

σ म्हणजे आई-बाप आणि अपत्य यांच्या जन्मस्थळांमधल्या अंतराचं एका दिशेतलं प्रमाण विचलन, t म्हणजे भेटीनंतरच्या पिढ्या. σ फक्त २० किलोमीटर धरा, जे पायी चालणाऱ्या शेतकरी समाजालाही जड नाही. १०० पिढ्यांत, म्हणजे २८ वर्षांची पिढी धरली तर २८०० वर्षांत, रुंदी ५०० किलोमीटर. ४०० पिढ्यांत, म्हणजे सुमारे ११ हजार वर्षांत, १००० किलोमीटर. एकदा पडलेली रेघ अशी घासून जाते. ती टिकवायची तर संकराला किंमत मोजावी लागली पाहिजे. तेव्हा रुंदी वाढणं थांबतं आणि √(८σ²/s) वर स्थिरावते. दोन्ही जनुकरूपं एकत्र आलेल्यांचा १० टक्के तोटा धरला तर ती १८० किलोमीटर भरते. माणसांच्या कुठल्याही दोन समूहांच्या संततीत असा तोटा आढळत नाही. म्हणून √t चं राज्य चालतं.

---

मिताक्षरी

लेवोंटिनबद्दल चुकले, मान्य. पण मग `STRUCTURE` ला रंग दिसले कुठून? उतारावर रंग येऊच नयेत.

---

प्लिंकवाली

आता माझ्या प्रांतात आलात. तीन गोष्टी एकात एक गुंतल्यात.

पहिली, गटांची संख्या तुम्ही देता. पाच म्हटलं की पाच मिळतात. त्याच अभ्यासात सहा म्हटल्यावर सहावा रंग कुणाला मिळाला? कलाश लोकांना. हिंदुकुशच्या काही दऱ्यांत राहणारा छोटा समूह. कलाश सहावा वंश आहे असं कुणीही म्हणत नाही. छोट्या, बंद समूहात ड्रिफ्टने, म्हणजे निव्वळ योगायोगाने, वारंवारता भरकटतात आणि प्रोग्रामला तेही 'वेगळं' दिसतं.

दुसरी, प्रोग्रामचं मॉडेलच असं की मूळ गट सुटे आहेत आणि प्रत्येक गटाच्या आत लग्नं कशीही होतात. जवळचा जवळच्याशी लग्न करतो, ही गोष्ट त्यात नाहीच. सलग उतार दिला तर तो त्याचे तुकडे करतो, कारण त्याला दुसरी भाषा येत नाही.

तिसरी गोष्ट नमुन्यांची. त्या ५२ समूहांत पाकिस्तानातले ८ आहेत, भारतातला एकही नाही. ओशनियातले २, अमेरिकेतले ५. नकाशावर टिंबं पाहा, खंडांच्या गाभ्यात घोळके आणि मध्ये मोकळी मैदानं. सेर आणि पेबो यांनी २००४ मध्ये त्याच संग्रहातून माणसं भूगोलावर अधिक समान पसरतील अशी निवडली, तर कप्प्यांऐवजी उतार पुढे आले.

विश्वास ठेवू नका, स्वतः चालवून पाहा. ४० गावांची रांग, प्रत्येकात १०० माणसं, दर पिढीला निम्मे लोक शेजारच्या गावांतून येतात. सीमा कुठेच नाही, कारण सीमा घालणारी ओळच कोडमध्ये नाही:

```python
import numpy as np
rng = np.random.default_rng(1)
L, N, G, S = 40, 100, 2000, 500
p = np.full((S, L), 0.5)
for g in range(G):
    a = np.hstack([p[:, :1], p[:, :-1]])
    b = np.hstack([p[:, 1:], p[:, -1:]])
    p = rng.binomial(2*N, 0.5*p + 0.25*a + 0.25*b) / (2*N)

ends = [0,1,2,3,4,35,36,37,38,39]
even = list(range(0, 40, 4))
for pick in (ends, even):
    x = rng.binomial(2, np.repeat(p[:, pick], 20, axis=1)).T.astype(float)
    x -= x.mean(axis=0)
    u, s, vt = np.linalg.svd(x, full_matrices=False)
    print(np.round((u[:, 0]*s[0]).reshape(10, 20).mean(axis=1), 1))
```

दोन्ही वेळा दहाच गावं, प्रत्येकी २० माणसं. पहिल्या ओळीत पाच गावांचे आकडे एका बाजूला, पाचांचे दुसऱ्या बाजूला आणि मध्ये खिंडार. दुसऱ्या ओळीत आकडे पायरी-पायरीने सरकत जातात. जग तेच, फक्त टोपलीत काय उचललं ते वेगळं.

---

शंकासुर_२

प्लिंकवाली, कोड छान, पण गोष्ट अर्ध्यावर सोडलीत. रोझेनबर्ग गटाने २००५ मध्ये ९९३ मार्कर घेऊन उत्तर दिलं. त्यांना आढळलं की नमुने भूगोलावर कसे पसरलेत याचा कप्प्यांच्या ठळकपणावर फारसा परिणाम होत नाही. जास्त परिणाम मार्करांच्या संख्येचा आणि गटांच्या वारंवारता एकमेकांशी निगडित धरल्या की नाही याचा. शिवाय अंतर वजा केल्यावरही समुद्र, हिमालय आणि सहारा ओलांडताना एक छोटी उडी उरते. म्हणजे 'सगळा दोष नमुन्यांचा' हेही खरं नाही.

---

प्लिंकवाली

बरोबर, ते मी सांगायला हवं होतं. त्या उडीचा आकार मात्र बघून घ्या, म्हणजे तिला किती भाव द्यायचा ते कळेल. त्यांच्या समीकरणात दर १००० किलोमीटरला एफएसटी सुमारे ०.००५ ने वाढतो आणि अडथळा ओलांडला की एकदाच सुमारे ०.०१५ मिळतात. अडथळा म्हणजे वाटेतले सुमारे ३००० जादा किलोमीटर. २००० किलोमीटरवरची दोन गावं मध्ये हिमालय असेल तर साधारण तितकीच वेगळी, जितकी विनाअडथळा ५००० किलोमीटरवरची दोन गावं.

म्हणजे हिमालयाने लोकांची ये-जा मंदावली. उतार तिथे चढा आहे, कडा नाही.

---

शंकासुर_२

'चढा उतार' आणि 'बुटकी भिंत' यात फरक फक्त शब्दांचा आहे.

---

उतारवाचक

फरक शब्दांचा नाही, भाकिताचा आहे. भिंत म्हटलीत तर भिंतीच्या एका बाजूचे सगळे एकमेकांच्या जवळ आणि पलीकडच्यांपासून दूर असायला हवेत. वरच्याच आकड्यांनी तपासा. एका बाजूला ७००० किलोमीटर अंतरावरची दोन गावं, एफएसटी अंदाजे ०.०३५. अडथळ्याच्या अल्याड-पल्याड १००० किलोमीटरवरची दोन गावं, अंदाजे ०.०२. पलीकडचा शेजारी आपल्याच 'कप्प्या'तल्या लांबच्या माणसापेक्षा जवळचा निघाला. कप्प्याच्या व्याख्येला हे झेपत नाही, चढ्या उताराला सहज झेपतं.

---

शंकासुर_२

अमेरिका आणि ओशनियाच्या बाबतीत हा हिशोब इतका सोपा राहणार नाही. तिथे उडी मोठी आहे आणि मधली गावं समुद्रात आहेत. मधले नमुने घ्या म्हणणं तिथे शक्यच नाही. तेवढं नोंदवतो.

---

उतारवाचक

नोंद मान्य. त्यात एकच भर. अंतर मोजताना पक्षी उडतो तसं मोजलं तर अमेरिका नकली उडी दाखवते. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये माणसं खरोखर ज्या वाटेने गेली ती धरून कैरो, इस्तंबूल, नोम पेन्ह, अनादिर आणि प्रिन्स रुपर्ट हे टप्पे घालून अंतर मोजलं. त्या वाटेने मोजल्यावर एफएसटीतल्या फरकाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग एकट्या अंतराने समजावता आला. बेरिंगपाशी काही उरतं, कारण थोडेच लोक पलीकडे गेले आणि ड्रिफ्ट जोरात झाला. ते किती याबद्दल मतभेद आहेत.

---

निळी_पाटी

माझ्या वंशावळीच्या डीएनए अहवालात ६२ टक्के एक प्रदेश, ३१ टक्के दुसरा, ७ टक्के तिसरा असं आलंय. उतारच असेल तर हे टक्के कशाचे?

---

मिताक्षरी

मी आत्ताच शिकले ते वापरून बघते. कंपनीने काही ठिकाणच्या लोकांचे संदर्भसंच ठेवलेत आणि तुमचे तुकडे त्यातल्या कुणाशी जास्त जुळतात ते सांगितलंय. तुमचे लोक दोन संदर्भसंचांच्या मधल्या उतारावरचे असतील तर अहवाल त्याला ६२-३१ चं मिश्रण म्हणणार, कुणी कधी मिसळलं नसलं तरी. बरोबर ना, उतारवाचक?

---

उतारवाचक

बरोबर. म्हणूनच कंपनीने संदर्भसंच बदलला की त्याच थुंकीवर नवे टक्के येतात. अलीकडचं खरं मिश्रण असेल तर त्याची खूण वेगळी असते. क्रोमोसोमवर एका मूळाचे लांबलचक सलग तुकडे दिसतात, कारण त्यांना तोडायला फार पिढ्या मिळालेल्या नसतात. नुसत्या टक्क्यांवरून ते कळत नाही.

---

कोरडी_शाई

सिकल सेलचं समजलं. पण मग डोळ्यांना इतका फरक का दिसतो? रस्त्यावर पाहिलं तरी कोण कुठला ते कळतं.

---

उतारवाचक

कारण डोळे त्वचेचा रंग बघतात आणि तो जनुकांचा सरासरी प्रतिनिधी नाही, अपवाद आहे. रेलेथफोर्ड यांनी २००२ मध्ये त्वचेच्या रंगाचा तसाच हिशोब मांडला. तिथे सुमारे ८८ टक्के विविधता प्रदेशा-प्रदेशांमध्ये निघाली आणि स्थानिक समूहाच्या आत फक्त ९. बाकी जनुकांच्या बरोबर उलटं. अतिनील किरणांनी अक्षांशानुसार जोरदार निवड केली म्हणून असं झालं. आणि तोही उतारच आहे. नाईल नदीच्या काठाने दक्षिणेकडे गेलात तर रंग गडद होत जातो, कुठल्या गावी बदलला ते सांगता येत नाही.

शिवाय गडद रंग न्यू गिनीतही आहे आणि मध्य आफ्रिकेतही, पण बाकीच्या जीनोमवर हे दोन लोकसमूह एकमेकांपासून फार लांब आहेत. रंगाने जवळ वाटलेले जीनोमने जवळ असतीलच असं नाही.

---

चौकटराजा

माझ्याकडे एका सार्वजनिक संग्रहातला जीनोटाइप डेटा आहे, ठिकाणांच्या अक्षांश-रेखांशासकट. क्रम काय ठेवू?

---

प्लिंकवाली

आधी नातेवाईक काढा. दोन चुलत भावंडं एका गावातून आली की तो गाव आपोआप 'वेगळा गट' दिसतो. मग एकमेकांना चिकटलेली मार्कर छाटा:

```
plink2 --bfile namune --king-cutoff 0.0884 --make-bed --out n1
plink2 --bfile n1 --indep-pairwise 50 5 0.2 --out n2
plink2 --bfile n1 --extract n2.prune.in --pca 10 --out n3
```

पहिल्या ओळीतला आकडा दुसऱ्या पातळीपर्यंतचे नातेवाईक उडवतो. म्हणजे सख्खे, काका-पुतणे वगैरे जातात. चुलत भावंडंही काढायची तर 0.0442 द्या. क्रोमोसोम ८ च्या छोट्या बाहूवर एक मोठा उलटा तुकडा आहे आणि क्रोमोसोम ६ वर एचएलएचा पट्टा. हे दोन्ही हाताने वगळा. नाहीतर एखाद्या अक्षावर स्वच्छ तीन घोळके दिसतील आणि तुम्ही तीन लोकसमूह सापडले म्हणून आनंदाल. ते त्या तुकड्याच्या शून्य, एक आणि दोन प्रती असतात. ओळखायची खूण अशी की त्या अक्षाचं सगळं वजन क्रोमोसोमच्या एकाच जागी साचलेलं असतं आणि घोळक्यांचा भूगोलाशी संबंध नसतो.

मग गावांच्या प्रत्येक जोडीचा एफएसटी आणि वाटेने मोजलेलं अंतर काढा. उभ्या अक्षावर एफएसटी/(१−एफएसटी), आडव्या अक्षावर अंतराचा लॉग. चिंचोळी किनारपट्टी असेल तर लॉगशिवाय. आता जोड्यांना दोन रंग द्या, `STRUCTURE` च्या एकाच गटातल्या आणि वेगळ्या गटांतल्या. दोन्ही रंगांचे ठिपके एकाच रेषेवर पसरले तर उतार. समान अंतरावर एक रंग वर उचललेला दिसला तर उडी, आणि किती ती मोजा. अंतराचा कुठला पल्ला तुमच्याकडे रिकामा आहे ते आधी बघा. रिकाम्या पल्ल्यात उडी आहे की नाही, हे कुठलंही गणित सांगू शकत नाही.

---

शंकासुर_२

जनुकीय फरक आणि अंतर यांचा संबंध तपासणाऱ्या मॅन्टेल चाचणीवर विसंबू नका, विशेषतः अंतर 'स्थिर ठेवून' करतात त्या आंशिक चाचणीवर. दोन्ही बाजूंच्या राशी भूगोलावर सलग पसरलेल्या असल्या की ती नसलेला संबंधही 'लक्षणीय' दाखवते. ब्रॅडबर्ड आणि सहकाऱ्यांचं `conStruct` वापरून बघा. त्यात प्रत्येक थरात अंतरानुसार घट धरता येते, आणि तशी धरलेली व न धरलेली अशी दोन्ही मॉडेलं ठेवून कुठलं बसतं ते पाहता येतं. घट धरल्यावर रंगांची गरज बहुधा कमी होते. शून्यावर येतेच असं नाही.

---

चौकटराजा

प्लिंकवालींचा कोड चालवला. `ends` मध्ये खिंडार, `even` मध्ये जिना, सांगितलं तसंच. मग १९ आणि २० क्रमांकाच्या गावांमधली ये-जा दहावा भाग केली आणि पुन्हा समान नमुने घेतले. जिना राहिला, पण मधली एक पायरी उंच झाली. एका फेऱ्यात मात्र ती उंच पायरी दोन गावं सरकलेली वाटली. ड्रिफ्ट?

---

प्लिंकवाली

`even` मध्ये १६ नंतर थेट २० आहे, मधली १७, १८, १९ तुम्ही उचललीच नाहीत. पायरी सरकली की नाही हे तुमच्या नमुन्यांतून कळणारच नाही. चाळीसही गावं घ्या आणि `S` २००० करा. तरी सरकली तर `default_rng` मधला आकडा बदलून दहा वेळा चालवा.